किती लॉट घ्यायचे?

लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल १ जून २०२४ च्या शनिवारी संध्याकाळी आले आणि सोमवारी बाजार उसळला. ३ जूनला निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी वर जाऊन २३,२६३.९० वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणी सुरू झाली, आकडे पोलशी जुळेनात, आणि त्या एका दिवसात निफ्टी १,३७९ अंकांनी कोसळून २१,८८४.५० वर आला. बँक निफ्टी जवळपास आठ टक्के पडला. बुधवारी निम्म्याहून अधिक घसरण भरून निघाली. गुरुवारी, म्हणजे त्या आठवड्याच्या एक्सपायरीला, निफ्टी २२,८२१.४० वर बंद झाला आणि शुक्रवारी तर सोमवारच्याही वर पोचला.

या पाच दिवसांत ऑप्शनच्या बाजारात दोन प्रकारची माणसे असतील असे धरू. एकाने सोमवारी २२,५०० चा पुट विकून २२,३०० चा पुट विकत घेतला होता. मंगळवारी संध्याकाळी निफ्टी या दोन्ही आकड्यांच्या खूप खाली होता. कागदावर हा सौदा गेल्यात जमा होता. पण गुरुवारी दोन्ही पुट शून्यावर संपले आणि विक्रीतून आलेले पैसे पूर्ण खिशात राहिले. दुसऱ्याने २३,००० चा पुट विकून २२,८०० चा घेतला होता. त्याला एक्सपायरीला १७८ अंकांहून जास्त भरावे लागले, जमा झालेला प्रीमियम त्यातून वजा. म्हणजे जवळपास पूर्ण तोटा, आणि तोही शुक्रवारी बाजार सावरण्याच्या एकच दिवस आधी.

दोघांच्याही तोट्याला कमाल मर्यादा होती आणि ती सोमवारीच ठाऊक होती. पण पहिल्याला मंगळवार ते गुरुवार थांबता आले का, आणि दुसऱ्याला पुढच्या आठवड्यात नवा सौदा करता आला का, हे स्ट्राइकवर ठरले नाही. सोमवारी लॉट किती घेतले, यावर ठरले. कमाल तोटा खात्याच्या दोन टक्के असलेला माणूस मंगळवारचा पडदा बघत बसू शकतो. तोच तोटा खात्याच्या चाळीस टक्के असेल, तर तो दुपारी दीड वाजता मिळेल त्या भावाला सौदा बंद करतो. तसे करणारा मूर्ख नसतो. त्या आकाराला घाबरणे हेच शहाणपणाचे असते.

हा सौदा नेमका काय असतो ते आधी पाहू. नुसता पुट विकणाऱ्याला सुरुवातीला प्रीमियम मिळतो, पण बाजार पडत गेला की त्याचा तोटाही वाढत जातो. त्याच एक्सपायरीचा आणखी खालच्या स्ट्राइकचा पुट सोबत विकत घेतला की त्या स्ट्राइकच्या खाली तोटा वाढायचा थांबतो, कारण विकलेल्या पुटवर जितके जाते तितके घेतलेल्या पुटवर परत येते. या जोडीला स्प्रेड म्हणतात. ट्रेडर मंडळींच्या बोलण्यात ‘बुल पुट स्प्रेड’ किंवा नुसताच ‘क्रेडिट स्प्रेड’. दोन स्ट्राइकमधल्या अंतरातून जमा झालेला प्रीमियम वजा केला की एका युनिटमागचा कमाल तोटा मिळतो.

आकडे घेऊ. समजा निफ्टी २५,००० वर आहे आणि एक्सपायरीला आठवडा आहे. २४,७०० चा पुट ७० रुपयांना विकला, २४,५०० चा ३० रुपयांना घेतला. हातात आले ४० रुपये. अंतर २०० अंकांचे, म्हणून कमाल तोटा १६० रुपये. जानेवारी २०२६ पासून निफ्टीचा लॉट ६५ चा आहे, तेव्हा एका लॉटला जास्तीत जास्त १०,४०० रुपये जाऊ शकतात आणि जास्तीत जास्त २,६०० मिळू शकतात. ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी असे सगळे धरून दीडशे-दोनशे रुपये आणखी जातात. हिशेबाला १०,६०० धरू.

आता खाते. समजा त्यात सहा लाख आहेत आणि एका सौद्यात दोन टक्क्यांहून जास्त गमवायचे नाही असे ठरलेले आहे. सहा लाखांचे दोन टक्के म्हणजे १२,०००. त्याला १०,६०० ने भागले की उत्तर येते १.१३. लॉट अर्धा-पाव मिळत नाही, म्हणून एक. प्रत्यक्ष जोखीम मग दोन टक्के नसून पावणेदोनच्या आसपास राहते. सगळी पद्धत एवढीच आहे: खात्याची रक्कम, तिची ठरलेली टक्केवारी, एका लॉटचा कमाल तोटा आणि एक भागाकार, ज्याचे उत्तर नेहमी खालच्या पूर्णांकावर आणायचे.

अवघड गोष्ट पुढेच आहे. तेच खाते तीन लाखांचे असते तर? दोन टक्के म्हणजे ६,०००. भागाकार ०.५७. खालचा पूर्णांक शून्य.

शून्य हे उत्तर कोणालाच आवडत नाही. सौदा शोधलेला असतो, चार्ट पाहिलेला असतो, मत पक्के झालेले असते आणि गणित सांगते की हा सौदा तुमच्या खात्याचा नाही. इथे बहुतेक जण ‘एकच तर लॉट आहे’ असे म्हणून ऑर्डर टाकतात आणि जोखीम दोन टक्क्यांवरून साडेतीनवर जाते. एक लॉट ही बाजाराने ठरवलेली सर्वांत लहान चीज आहे, तुमच्या खात्यासाठी ती लहान आहे की नाही याच्याशी बाजाराला देणेघेणे नाही. ही चीज गेल्या दीड-दोन वर्षांत बरीच मोठीही झाली आहे. सेबीने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने इंडेक्स कराराचे किमान मूल्य पाच-दहा लाखांवरून पंधरा लाखांवर नेले, त्यामुळे त्या वर्षाच्या मध्यावर २५ चा असलेला निफ्टीचा लॉट एकदम ७५ वर गेला आणि आता ६५ वर आला आहे. वरचाच स्प्रेड २५ च्या लॉटने केला असता तर कमाल तोटा ४,००० आला असता आणि तीन लाखांच्या खात्यात तो आरामात बसला असता. जुन्या सवयीने ‘एक लॉट’ टाकणाऱ्याने काहीच बदलले नाही, तरी त्याची जोखीम अडीच पटींहून जास्त झाली.

शून्य आले म्हणजे दार बंद असे मात्र नाही. आकार बसत नसेल तर सौद्याची घडण बदलता येते. निफ्टीचे स्ट्राइक पन्नास-पन्नास अंकांवर असतात. २४,७०० चा पुट ७० ला विकून २४,५०० ऐवजी २४,६०० चा ४६ ला घेतला, तर जमा २४ रुपये आणि कमाल तोटा ७६. ६५ ने गुणून, खर्च मिळवून साधारण ५,१४० रुपये. तीन लाखांच्या खात्याला एक लॉट मिळतो, जोखीम १.७ टक्के.

पण स्प्रेड अरुंद करत नेण्याला किंमत आहे, आणि ती खर्चाच्या रूपाने मोजावी लागते. २०० अंकांच्या स्प्रेडमध्ये जास्तीत जास्त नफा २,६०० होता, त्यातले दोनशे खर्चात गेले तर आठ टक्के गेले. १०० अंकांच्या स्प्रेडमध्ये नफा १,५६० आणि खर्च तेवढाच, म्हणजे तेरा टक्के. ५० अंकांवर आणला तर १३ रुपयांच्या आसपास जमा होतील, लॉटमागे ८४५. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा ब्रोकर आणि सरकार यांच्यात वाटला जातो. शिवाय एक लाखाच्या खात्याला हाही परवडत नाही: दोन टक्के म्हणजे २,००० आणि पन्नास अंकांच्या स्प्रेडचा कमाल तोटा खर्चासकट २,६०० च्या घरात. या भावांना, या नियमाने, निफ्टीचा सर्वांत छोटा क्रेडिट स्प्रेड करायला साधारण एक लाख तीस हजार लागतात. त्याखालच्या खात्याने एक तर टक्केवारी वाढवली, हे मान्य करावे, किंवा पैसे साठेपर्यंत थांबावे.

हे सगळे इतके साधे असेल तर लोक चुकतात कुठे? मोठ्या संख्येने चुकतात ते भागाकाराच्या खालच्या आकड्यात. कमाल तोट्याऐवजी ते मार्जिनने भागतात.

मार्जिन म्हणजे सौदा चालू असेपर्यंत ब्रोकर अडकवून ठेवतो ती रक्कम. ऑर्डरच्या खिडकीत ठळक दिसते ती हीच. कमाल तोटा दिसतो, पण त्यासाठी आलेखाची वेगळी खिडकी उघडावी लागते. अमेरिकेत किरकोळ खात्यातल्या साध्या स्प्रेडचे मार्जिन हे बहुधा कमाल तोट्याएवढेच असते, म्हणून तिथली पुस्तके वाचून आलेल्याला दोन्ही एकच वाटतात. भारतात तसे नाही. इथे मार्जिनमध्ये स्पॅन नावाच्या पद्धतीने काढलेली रक्कम आणि तिच्यावर कराराच्या मूल्यावर ठरणारी आणखी रक्कम अशी बेरीज असते. जून २०२० पासून हेज केलेल्या सौद्यांचे मार्जिन बरेच उतरले, तरी वरच्या स्प्रेडसारख्या सौद्याला कमाल तोट्याच्या काही पट रक्कम अडकू शकते. समजा पडद्यावर लॉटमागे ५०,००० दिसले. सहा लाखांच्या खात्याला ‘बारा लॉट बसतात’ असा निष्कर्ष निघतो. बारा लॉटचा कमाल तोटा आहे १,२४,८००. खात्याच्या जवळजवळ एकवीस टक्के, आणि तोही एका सौद्यावर, एका आठवड्यात.

गंमत म्हणजे हा माणूस स्वतःला सावध समजत असतो, कारण त्याने हेज केले आहे. हेजने लॉटमागचा तोटा बांधला गेला. लॉट किती, हा प्रश्न तिथेच राहिला.

मार्जिन पूर्ण वापरणाऱ्याला आणखी एक फटका एक्सपायरीच्या दिवशी बसतो. सेबीच्या त्याच परिपत्रकाने एक्सपायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर कराराच्या मूल्याच्या दोन टक्के जादा मार्जिन लावले. २५,००० गुणिले ६५ म्हणजे सव्वासोळा लाखांचा करार, त्याचे दोन टक्के ३२,५०० रुपये, प्रत्येक लॉटमागे. स्प्रेडचा कमाल तोटा त्या दिवशी एक रुपयानेही वाढलेला नसतो. पण बारा लॉट घेऊन बसलेल्याकडे जवळजवळ चार लाखांची जादा मागणी येते, आणि ती भागली नाही तर लॉट कमी करावे लागतात. स्वतः नाही केले तर ब्रोकर करतो, तो ठरवेल त्या वेळी. एकच लॉट असलेल्याच्या खात्यात पाच लाखांहून अधिक मोकळे पडलेले असतात. त्याला या मागणीचा पत्ताही लागत नाही.

मग दोन टक्केच का? दीड का नाही, पाच का नाही?

हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. अलेक्झांडर एल्डर यांच्या ट्रेडिंगवरच्या पुस्तकांनी तो घराघरांत नेला. त्यांनी त्याच्या जोडीला महिन्याला सहा टक्क्यांचीही मर्यादा सांगितली. पण तो लहान का असावा, याचे उत्तर मात्र गणितात मिळते. बेल लॅब्जमधले जॉन केली यांनी १९५६ मध्ये एक सूत्र मांडले. पैज तुमच्या बाजूने झुकलेली असेल तर भांडवल सर्वांत वेगाने वाढण्यासाठी प्रत्येक वेळी त्याचा किती भाग लावावा, हे ते सूत्र सांगते. आपल्या स्प्रेडला ते लावून पाहू. सोपे करण्यासाठी असे धरू की शेवटी एक तर पूर्ण ४० मिळतात किंवा पूर्ण १६० जातात.

शंभरातले ८० सौदे जिंकले तर? ८० वेळा ४० मिळाले, २० वेळा १६० गेले. दोन्हीकडे ३,२००. हातात शून्य, म्हणून केलींचे उत्तरही शून्य: काहीच लावू नका. शंभरातले ८३ जिंकणार असाल तर उत्तर येते भांडवलाच्या १५ टक्के. ७८ जिंकणार असाल तर पैजच तोट्याची. आपण ८३ वाले आहोत, ८० वाले की ७८ वाले, हे कोणाला कळते? पन्नास-साठ सौद्यांच्या अनुभवावरून हा फरक ओळखताच येत नाही. तेवढा चढउतार नुसत्या नशिबाने होतो. जिथे दोन-तीन टक्क्यांच्या अंदाजावर उत्तर पंधरावरून शून्याखाली घसरते, तिथे पंधरा लावणारा माणूस मुळात स्वतःच्या अंदाजावर पैज लावत असतो. लहान टक्केवारी म्हणजे आपला अंदाज चुकू शकतो याची ठेवलेली तरतूद.

लागोपाठच्या तोट्यांचे गणितही त्याच दिशेला जाते. दर वेळी खात्याच्या दोन टक्के गेले आणि असे पाच वेळा झाले, तर शंभराचे नव्वद उरतात आणि मूळपदावर यायला साधारण अकरा टक्के कमवावे लागतात. दर वेळी दहा टक्के गेले तर एकोणसाठ उरतात, परतायला एकोणसत्तर टक्के हवेत. दर वेळी वीस टक्के गेले, वरच्या बारा लॉटवाल्यासारखे, तर तेहतीस उरतात आणि भांडवल तिप्पट करावे लागते. क्रेडिट स्प्रेडमध्ये हे विशेष बोचते, कारण एक पूर्ण तोटा चार पूर्ण नफे खाऊन जातो. वैयक्तिक ट्रेडरांविषयी सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास जाहीर केला, त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये शंभरातल्या त्र्याण्णवांचा तोटा झाला होता आणि एकूण रक्कम एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक होती. त्या सगळ्यांची कारणे एक नसतील. पण अशा बाजारात आपण ८३ वाले आहोत असे धरून चालणे धाडसाचेच.

‘पाच वेळा लागोपाठ कसा तोटा होईल, माझे तर दहातले आठ सौदे बरोबर येतात,’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. सौदे एकमेकांपासून स्वतंत्र असते तर तो पटण्यासारखा होता. ४ जून २०२४ ने दाखवले की ते तसे नसतात.

त्या सोमवारी कोणी निफ्टीवर एक पुट स्प्रेड, बँक निफ्टीवर दुसरा आणि एखाद्या सरकारी बँकेच्या शेअरवर तिसरा विकला असता, प्रत्येकी दोन टक्क्यांचा, तर त्याच्या वहीत तीन सौदे दिसले असते. मंगळवारी तो एकच सौदा निघाला, सहा टक्क्यांचा. बाजार दोन-पाच अंशांनी हलतो तेव्हा हे तिघे थोडे वेगळे वागतात. तो कोसळतो तेव्हा तिघे हातात हात घालून कोसळतात. म्हणून एका सौद्याच्या मर्यादेबरोबर एकाच दिशेच्या सगळ्या उघड्या सौद्यांच्या कमाल तोट्याची बेरीजही ठेवावी लागते. मंगळवारच्या एक्सपायरीचा निफ्टी आणि गुरुवारच्या एक्सपायरीचा सेन्सेक्स एकाच वेळी विकणाऱ्यांना हे खास लागू आहे. एक्स्चेंज दोन, वार दोन, पण दोन्ही निर्देशांकांत वजनदार कंपन्या बहुतेक त्याच. बेरजेची मर्यादा किती, यावर मतभेद असू शकतात. पाच-सहा टक्क्यांच्या वर गेले की एका वाईट सकाळी काय होईल, याचे चित्र आधी वहीत मांडून पाहावे.

आयर्न काँडोर नावाच्या सौद्यात हीच बेरीज उलट बाजूने चुकते. खाली पुट स्प्रेड आणि वर कॉल स्प्रेड असा हा जोडसौदा. २५,३०० आणि २५,५०० च्या कॉलमधून आणखी ३५ रुपये मिळाले असे धरले, तर एकूण जमा ७५ आणि कमाल तोटा १२५, कारण एक्सपायरीला बाजार एकाच बाजूला असू शकतो. लॉटमागे ८,१२५. दोन स्प्रेडचा तोटा बेरीज करून धरणारा उगाच घाबरतो. मात्र तोट्याचा आकडा लहान झाला तरी तोटा होण्याच्या वाटा आता दोन झाल्या, हेही विसरायचे नाही.

खरा घोळ होतो तो सौदा दुरुस्त करताना. बाजार खाली आला, ४० ला विकलेला पुट स्प्रेड ११० ला बंद करावा लागला. ७० रुपये गुणिले ६५, म्हणजे ४,५५० गेले. लगेच खाली सरकून २४,३०० आणि २४,१०० चा नवा स्प्रेड ४० ला विकला. पडद्यावर नव्या सौद्याचा कमाल तोटा १०,४०० दिसतो आणि माणूस म्हणतो, मर्यादेतच आहे. पण ज्या एका मतावर त्याने १२,००० लावायचे ठरवले होते, त्यावर आता १४,९५० जाऊ शकतात. खात्याच्या अडीच टक्के. अशी दुरुस्ती दोनदा केली की मूळ टक्केवारीला काही अर्थ उरत नाही. ज्याला खाली सरकायची सवय आहे, त्याने पहिल्या वेळी दोनऐवजी एकच टक्का लावलेला बरा.

या सगळ्या गणिताचा पाया म्हणजे ‘कमाल तोटा’ खरोखरच कमाल असणे. निफ्टीसारख्या इंडेक्सवर तो बऱ्यापैकी भक्कम आहे: हे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे, एक्सपायरीलाच हिशेब होणारे आणि रोखीत मिटणारे. तरी माणूस स्वतःच तो मोडू शकतो. सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे बाजार पडल्यावर विकत घेतलेला पुट नफ्यात दिसतो म्हणून तो विकून टाकणे आणि विकलेला तसाच ठेवणे. ‘आता इथून वर जाईल’ या भरवशावर ४ जूनच्या सकाळी असे करणाऱ्याच्या तोट्याला त्या क्षणापासून ठरलेली मर्यादा उरली नाही. दुसरा प्रकार बाहेर पडताना घडतो. खोल आत गेलेल्या स्ट्राइकमध्ये खरेदी-विक्रीच्या भावांत मोठी दरी असते; दोन्ही बाजू बाजारभावाने बंद केल्या तर २०० अंकांच्या स्प्रेडसाठी २०० हून अधिक मोजून बाहेर पडण्याची पाळी येते. स्प्रेडची एक्सपायरीची किंमत २०० च्या वर जाऊच शकत नाही, तेव्हा तेवढी किंमत मोजण्यापेक्षा एक्सपायरीपर्यंत थांबणे स्वस्त पडते.

शेअरवरच्या ऑप्शनची गोष्ट वेगळी. तिथे ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या करारांत प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते. एक्सपायरीला शेअर दोन्ही स्ट्राइकच्या खाली असेल तर घेणे आणि देणे एकमेकांत मिटते. पण तो दोन स्ट्राइकच्या मधोमध थांबला, तर विकलेला पुट अंगावर येतो आणि घेतलेला कोरा संपतो. दहा हजारांच्या कमाल तोट्याचा म्हणून घेतलेला सौदा मग पाच-सात लाखांचे शेअर उचलायला लावतो, आणि दुसऱ्या दिवशी ते शेअर पडले तर तो तोटा कुठल्याच सूत्रात नव्हता. शेअरवरचे स्प्रेड म्हणूनच एक्सपायरीच्या आधी बंद करायचे असतात. एक्सपायरीच्या आठवड्यात त्यांचे मार्जिनही दिवसागणिक चढत जाते.

शेवटचा प्रश्न भागाकाराच्या वरच्या बाजूचा: खाते म्हणजे नेमकी कोणती रक्कम? भारतात बरेच ट्रेडर शेअर किंवा म्युच्युअल फंडाची युनिट गहाण ठेवून मार्जिन उभे करतात. अशा खात्यात दहा लाख दिसत असले तरी त्यातले सहा लाख शेअर असतील, तर ४ जूनसारख्या दिवशी पुट स्प्रेडचा तोटा आणि गहाण मालाची घसरण एकत्र येतात. सहा टक्के पडझडीत त्या शेअरचेच छत्तीस हजार गेलेले असतात, स्प्रेडचे वेगळे. त्यामुळे टक्केवारी काढताना गहाण मालाची पूर्ण किंमत न धरता ब्रोकर कपात करून जेवढी मान्य करतो तेवढीच धरणे सुरक्षित, आणि ती रक्कम दर आठवड्याला ताजी करायची. सहा लाखांचे खाते सव्वापाचवर आले की दोन टक्के १०,५०० होतात आणि २०० अंकांच्या स्प्रेडचे उत्तर, ०.९९, पुन्हा शून्यावर येते.

वहीत यासाठी सौद्यामागे चार रकाने पुरतात: घेताना खात्याची रक्कम, कमाल तोटा, त्याची टक्केवारी आणि बंद झाल्यावर प्रत्यक्ष काय झाले. वीस-पंचवीस सौद्यांनंतर शेवटचा रकाना दुसऱ्या रकान्यावर ठेवून पाहावा. एखादा तोटा लिहिलेल्या कमाल तोट्याहून मोठा दिसला, तर त्या ओळीत विकलेली बाजू कधीतरी उघडी राहिली होती किंवा बाहेर पडताना बाजारभावाची ऑर्डर टाकली होती.